डब्यात काय, दर किती, कधीपर्यंत?

नवरात्र बसलं की मोबाइलवर मिठाईच्या दुकानांचे व्हिडिओ येऊ लागतात. बहुतेकांचा साचा एकच. आधी पणत्या, मागे सनई, मग काजूकतलीवरून हळूहळू सरकणारा कॅमेरा आणि एक भारदस्त आवाज: ‘आपल्या माणसांसाठी आपुलकीची गोडी! शुद्ध तुपातली मिठाई आणि फराळ! तीस टक्क्यांपर्यंत सूट! ऑफर मर्यादित काळासाठी! त्वरा करा!’ खाली बारीक अक्षरांत ‘अटी लागू’. अर्ध्या मिनिटात व्हिडिओ संपतो.

हा व्हिडिओ पाहणारी बाई त्या वेळी हिशोबात असते. माहेरी एक डबा, नणंदेकडे एक, मुलांच्या शिकवणीच्या बाईंना एक, घरी एक. चार डब्यांना किती लागतील, हा तिचा प्रश्न. व्हिडिओत तीस टक्के ऐकू आले, पण कशावर तीस टक्के ते कळलं नाही. मूळ दर किती, डबा किती वजनाचा, ऑफर कोणत्या तारखेला संपते, काहीच कळलं नाही. आता तिला दुकानात फोन करावा लागणार. गर्दीच्या दिवसांत दुकानातला फोन कोणी उचलत नाही. मग ती शेजारच्या दुकानातून जे मिळेल ते घेते.

अशा व्हिडिओतली आपुलकी, घाई आणि सूट या तिन्ही गोष्टी कोणत्याही दुकानाला चिकटवता येतील अशा असतात. चांगली संहिता त्याच दुकानाची असते. तिच्यातली घाई भटारखान्यातून येते, दर हिशोबाच्या वहीतून येतो आणि जिव्हाळा काम करणाऱ्या हातांतून येतो. त्यामुळे लिहायला बसण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्या लागतात: तुमच्याकडे दिवसाला नेमकं किती तयार होतं, आणि ही सूट तुम्हाला परवडते कशी? त्यांची उत्तरं मिळाली की अर्धी संहिता तिथेच तयार होते.

आधी हिशोब

उदाहरणासाठी एखाद्या तालुक्याच्या गावातलं मध्यम आकाराचं दुकान धरू आणि २०२५ च्या दिवाळीचं कॅलेंडर समोर ठेवू. त्या वर्षी घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, दसरा २ ऑक्टोबरला आणि वसुबारस शुक्रवारी, १७ ऑक्टोबरला. दुकानाला फराळाच्या डब्यांची आगाऊ नोंदणी घ्यायची आहे. दर आपण धरलेले आहेत. प्रत्येक गावात ते वेगळे असतील. पण आकडेमोड सगळीकडे अशीच करावी लागेल.

डबा दीड किलोचा. त्यात पातळ पोह्यांचा चिवडा अर्धा किलो, आणि चकली, शंकरपाळी, बेसन लाडू व करंजी प्रत्येकी पाव किलो. दुकानातल्या सुट्या दराने चिवडा ३६० रुपये किलो, म्हणजे अर्ध्या किलोचे १८०. चकली ४८० रुपये किलो, पाव किलोचे १२०. शंकरपाळी ४४० रुपये किलो, पाव किलोचे ११०. बेसन लाडू ६४० रुपये किलो, पाव किलोचे १६०. करंजी ६०० रुपये किलो, पाव किलोचे १५०. एकूण ७२० रुपये. आगाऊ नोंदवणाऱ्याला हाच डबा ६४० रुपयांना द्यायचा, म्हणजे बचत ८० रुपयांची.

हे ८० रुपये सोडणं दुकानाला परवडतं, कारण नोंदणी हातात असली की पोहे, डाळी, सुकं खोबरं आणि तूप नेमकं तेवढंच आणता येतं. भाऊबीज उलटल्यावर उरलेली चकली पडत्या भावात काढावी लागत नाही. काउंटरवर माणसं अडकून राहत नाहीत, कारण डबे आधीच भरून ठेवलेले असतात. सूट कुठून आली हे दुकानदाराला दोन वाक्यांत सांगता आलं, तर तिच्यामागे खरा हिशोब आहे असं समजावं. सांगता येत नसेल, तर बहुधा आधी दर चढवून मग तो कापलेला असतो, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला ते लगेच कळतं. त्याला मागच्या महिन्यातला चिवड्याचा भाव पाठ असतो.

या डब्यावरची सूट टक्क्यांत साधारण अकरा होते. पण ‘अकरा टक्के सूट’ असं न म्हणता ‘७२० चा डबा ६४० ला’ असंच म्हणावं. टक्क्यातून दर काढायला गिऱ्हाइकाला हिशोब करावा लागतो, दोन आकडे मात्र सरळ डोक्यात राहतात. ‘एका किलोवर पाव किलो मोफत’ या ऑफरचंही तेच. ऐकायला ती पंचवीस टक्क्यांची वाटते. प्रत्यक्षात ६४० रुपयांत सव्वा किलो लाडू मिळाले तर दर ५१२ रुपये किलो पडतो, म्हणजे सूट वीस टक्के. त्यातही ज्या घरात दोनच माणसं आहेत आणि अर्धा किलो पुरतं, त्यांना या ऑफरचा काहीच उपयोग नाही. ती त्यांच्यासाठी नाही हे व्हिडिओतच कळलं पाहिजे.

घाई कुठून येते

आता भटारखान्यात जाऊ. चिवडा मोठ्या कढईत भराभर होतो. चकलीला भाजणी लागते: तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे वेगवेगळे भाजायचे, गार करायचे आणि दळायचे. पण एकदा पीठ तयार झालं की यंत्राने चकल्या पडत राहतात. अडतं ते करंजीपाशी. पारी लाटायची, सारण भरायचं, कडा दाबायच्या, कातण्याने कापायचं, हे सगळं हाताने. आपल्या दुकानात करंजी करणाऱ्या चार बायका आहेत. त्या मिळून दिवसाला साधारण २५ किलो करंज्या करतात. प्रत्येक डब्यात पाव किलो करंजी, म्हणजे दिवसाला १०० डबे. फराळ ताजा राहावा म्हणून काम ११ ऑक्टोबरला सुरू करून १६ ऑक्टोबरला संपवायचं. सहा दिवस, ६०० डबे. सातशे डब्यांची नोंदणी घेतली तर शंभर घरांना करंजीऐवजी आणखी चिवडा द्यावा लागेल किंवा चार दिवस आधीची शिळी करंजी द्यावी लागेल.

तारखेचंही असंच कारण आहे. काम ११ ला सुरू व्हायचं तर भाजणी त्याआधी दळून हवी, आणि त्यासाठी माल ६-७ ऑक्टोबरला यायला हवा. किती माल आणायचा हे ५ तारखेच्या रात्री कळलंच पाहिजे. म्हणून नोंदणी रविवारी, ५ ऑक्टोबरला बंद. ही तारीख कोणी गिऱ्हाइकाला घाबरवण्यासाठी निवडलेली नाही, ती भाजणीच्या गिरणीने ठरवली आहे.

घाईचं कारण असं खरं असलं की ओरडावं लागत नाही. ‘त्वरा करा’ म्हणणाऱ्या आवाजात ताण असतो. ‘आम्ही चौघी दिवसाला पंचवीस किलो करतो, त्याहून जास्त होत नाही’ हे वाक्य शांतपणे म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळतं की थांबून चालणार नाही. शिवाय हे वाक्य जिव्हाळ्याचंही आहे. गिऱ्हाइकाला चार माणसं दिसतात, त्यांचे हात दिसतात, त्यांच्या कामाची मर्यादा दिसते.

खोटी घाई आता नियमाच्याही विरोधात आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्या यादीत खोटी निकड दाखवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. माल भरपूर असताना ‘शेवटचे काही डबे’ म्हणणं किंवा ऑफर चालूच राहणार असताना ‘आज शेवटचा दिवस’ म्हणणं हे त्यातच येतं. गावातल्या दुकानाला दंडाची भीती फारशी वाटणार नाही, पण गिऱ्हाइकाची वाटायला हवी. सोमवारी ‘शेवटचा दिवस’ म्हणणारं दुकान गुरुवारी तीच ऑफर देताना दिसलं, की पुढच्या वर्षी त्याच्या खऱ्या तारखेवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

संहिता

बोलणारी व्यक्ती कोण असावी हे आधी ठरवावं. भाड्याचा भारदस्त आवाज नको. करंजी करणाऱ्या चौघींपैकी जिला बोलायला आवडतं तिनेच बोलावं. मराठी बोलण्याचा सहज वेग सेकंदाला साधारण दोन शब्द धरला तर शंभर-सव्वाशे शब्दांची संहिता एका मिनिटात बसते. खालच्या संहितेचा व्हिडिओ ५४ सेकंदांचा होतो.

पहिलं दृश्य, ७ सेकंद. मोठ्या कढईत भाजणीची डाळ हलवणारा उलथना. संगीत नाही, फक्त डाळीचा खरखर आवाज. ‘चकलीची भाजणी आम्ही इथंच भाजतो, इथंच दळतो. भाजायला घेतली की वास चौकापर्यंत जातो.’

दुसरं दृश्य, ८ सेकंद. करंजीच्या कडेवरून फिरणारं कातणं, मग चौघींची रांग. ‘करंजी मात्र हातानंच भरतो. आम्ही चौघी मिळून दिवसाला पंचवीस किलो करतो, त्याहून जास्त होत नाही.’

तिसरं दृश्य, १३ सेकंद. वरून घेतलेला रिकामा डबा. एकेक पदार्थ त्यात येतो आणि प्रत्येकाशेजारी त्याचं नाव व वजन उमटतं. ‘हा दीड किलोचा फराळाचा डबा. चिवडा अर्धा किलो. चकली, शंकरपाळी, करंजी आणि साजूक तुपातले बेसन लाडू, प्रत्येकी पाव किलो. वजन फराळाचं, डब्याचं नाही.’

चौथं दृश्य, ८ सेकंद. भरलेला डबा स्थिर. मोठ्या अक्षरांत: ‘सुटं ७२० रुपये. आगाऊ नोंदणी ६४० रुपये. सर्व करांसह.’ आवाज: ‘सुटं घेतलं तर सातशे वीस रुपये होतात. आगाऊ नोंदवलंत तर सहाशे चाळीस. कर यातच आला, डब्याचे वेगळे पैसे नाहीत.’

पाचवं दृश्य, १२ सेकंद. भिंतीवरचं कॅलेंडर, ५ तारखेवर पेनाने काढलेलं वर्तुळ. ‘नोंदणी रविवार, पाच ऑक्टोबर, रात्री नऊपर्यंत. डबे सहाशेच होणार आहेत; ते आधी भरले तर नोंदणी आधी थांबेल. नोंदवताना शंभर रुपये द्या, बाकीचे डबा नेताना.’ पडद्यावर: ‘५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी रद्द केल्यास १०० रुपये परत.’

सहावं दृश्य, ६ सेकंद. दुकानाची पाटी आणि एका गिऱ्हाइकाच्या हाती जाणारा डबा. ‘चौदा ते सतरा ऑक्टोबरला डबा न्यायला या. वसुबारसेला फराळ घरात असेल.’ पडद्यावर दुकानाचं नाव, गाव, रस्ता, नोंदणीचा नंबर आणि वर्ष.

क्रम असाच ठेवण्याला कारण आहे. पहिल्या पंधरा सेकंदांत विकण्याचा एक शब्दही नाही. फक्त काम दिसतं. त्यामुळे दर येतो तेव्हा तो कशाचा आहे हे पाहणाऱ्याला माहीत असतं. दराच्या आधी वजन येतं, कारण वजनाशिवाय दराला अर्थ नाही. तारीख दरानंतर येते, कारण घ्यायचं ठरल्याशिवाय कधीपर्यंत हा प्रश्न मनात येत नाही. मिनिट मोठं वाटलं आणि पाऊण मिनिटाची आवृत्ती हवी असली, तर पहिलं दृश्य गाळावं आणि दुसरं चार सेकंदांचं करावं. वजन, दर आणि तारीख यांतलं काहीही गाळू नये.

‘साजूक तुपातले’ हे शब्द फक्त लाडवांना लावले आहेत, हेही लक्षात घ्यावं. चिवडा आणि चकली तेलात होतात. पूर्ण डब्याला ‘शुद्ध तुपातला फराळ’ म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं आणि पहिल्याच चकलीच्या घासाला ते कळलं असतं.

दराची चौकट

या संहितेतलं सर्वांत महत्त्वाचं दृश्य चौथं. तिथे चार गोष्टी एकत्र हव्यात: किती वजन, किती रुपये, त्यात काय धरलं आहे आणि कुणासाठी. गिऱ्हाइकाला काउंटरवर गेल्यावर एकही रुपया जास्त द्यावा लागू नये, ही दराच्या चौकटीची कसोटी आहे. डब्याचे वीस, पिशवीचे दहा, वरून कर असं वाढत गेलं तर ६४० चे सातशेच्या घरात जातात, आणि सोडलेल्या ८० रुपयांचं पुण्य तिथेच संपतं.

डब्याच्या वजनाबद्दलचं वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. पुठ्ठ्याच्या डब्यासकट मिठाई तोलणं ही जुनी तक्रार आहे, आणि वैधमापन कायद्याने वजन मालाचंच धरायचं असतं. ६०० रुपये किलोचे पेढे पाव किलो घेतले आणि डबाच ५० ग्रॅमचा असला, तर गिऱ्हाइकाने पुठ्ठ्याचे ३० रुपये मोजले. काट्यावर आधी रिकामा डबा ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि मग मिठाई भरायची, हे दृश्य दोन सेकंदांत दाखवता येतं. दहा वेळा ‘विश्वासाचं नाव’ म्हणण्यापेक्षा ते जास्त पटतं.

‘अटी लागू’ या दोन शब्दांना इथे जागा नाही. अट असेल तर ती सांगावी. आपल्या ऑफरला दोन अटी आहेत: शंभर रुपये आगाऊ आणि ६०० डब्यांची मर्यादा. दोन्ही आवाजात स्पष्ट सांगितल्या आहेत. जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल जी केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांतही हेच म्हटलं आहे. खुलासा ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत असावा, सहज वाचता येईल असा असावा, आणि दावा आवाजात केला असेल तर खुलासा त्याच्याच बरोबरीने दिसावा. मराठीत सूट सांगायची आणि अट इंग्रजीत बारीक टाकायची, हे त्यात बसत नाही. पुरेसा माल नसताना स्वस्त दराचं आमिष दाखवून गिऱ्हाईक दुकानात ओढायचं, यालाही ती तत्त्वं मनाई करतात. ६०० चा आकडा आधीच सांगितला की तो प्रश्न उरत नाही.

चित्रीकरणात दोन गोष्टी दराला मारक ठरतात. एक म्हणजे संगीत. दर सांगताना मागे सनई चालू असली तर ‘सहाशे चाळीस’ आणि ‘सहाशे चौऱ्याऐंशी’ यांत गल्लत होते. त्या आठ सेकंदांत संगीत पूर्ण बंद ठेवावं. दुसरी म्हणजे अक्षरांची जागा. उभ्या व्हिडिओच्या खालच्या भागावर आणि उजव्या कडेवर मोबाइलवरची बटणं व मजकूर येतो. दर तिथे लिहिला तर झाकला जातो. तो मधोमध किंवा थोडा वर लिहावा, पांढऱ्यावर काळा किंवा गडद रंगावर पिवळा. सोनेरी पणत्यांवर सोनेरी आकडे उठून दिसत नाहीत.

पुढे पाठवलेला व्हिडिओ

दुकानाचा व्हिडिओ फिरतो तो मुख्यतः व्हॉट्सॲपवर. एक जण स्टेटसला ठेवतो, दुसरी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकते, तिसरा पुण्यातल्या भावाला पाठवतो. या प्रवासात व्हिडिओ कधी तयार झाला आणि कुठल्या गावचा, हे दोन्ही हरवतं. म्हणून संहितेत ‘आज’, ‘उद्या’, ‘या रविवारी’, ‘फक्त तीन दिवस’ असे शब्द कधीच नसावेत. ‘उद्या शेवटचा दिवस’ हे वाक्य ज्या दिवशी म्हटलं त्याच दिवशी खरं असतं. तारीख, वार आणि वर्ष तिन्ही लिहावं. वर्ष न लिहिलेला व्हिडिओ पुढच्या नवरात्रात पुन्हा फिरू लागतो आणि लोक जुना दर मागायला येतात. दुकानाच्या नावाबरोबर गावाचं नाव हवं, कारण एकाच नावाची मिठाईची दुकानं गावोगाव असतात.

नोंदणी भरल्याचा निरोपही आधीच चित्रित करून ठेवावा, दहा सेकंदांचा: ‘सहाशे डबे नोंदवून झाले. सुटा फराळ नेहमीच्या दराने १३ ऑक्टोबरपासून काउंटरवर मिळेल.’ सहाशेवा डबा नोंदवला गेला की त्याच दिवशी हा स्टेटसला लावायचा आणि पहिला व्हिडिओ काढून टाकायचा. हे केलं नाही तर लोक लांबून येतात, नोंदणी बंद झाल्याचं कळतं आणि जाताना दुकानाला नावं ठेवतात.

सगळ्यात जास्त वेळा फसतं ते मात्र काउंटरवर. मालकाने व्हिडिओ केला, पण काउंटरवरच्या नव्या मुलाला तो माहीतच नसतो. गिऱ्हाईक ६४० म्हणतं, मुलगा ७२० चं बिल करतो. यावर उपाय साधा आहे. दराच्या चौकटीचा फोटो छापून काउंटरच्या आत, बिल करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लावावा, आणि व्हिडिओ बाहेर जाण्याआधी दुकानातल्या प्रत्येकाला दाखवावा.

व्हिडिओ बाहेर जाण्याआधी एक चाचणी करावी. घरातल्या ज्येष्ठ माणसाला तो एकदा आवाज बंद करून दाखवावा आणि शेजारच्या कुणाला तरी न पाहता नुसता ऐकवावा. मग दोघांनाही विचारावं: डब्यात काय आहे, किती रुपये, कधीपर्यंत? दोघांनाही तिन्ही उत्तरं आली तर संहिता झाली. एखाद्याचं उत्तर चुकलं, तर त्याला पुन्हा व्हिडिओ दाखवू नये. ते वाक्य बदलावं.

खव्याच्या मिठाईची गोष्ट वेगळी

फराळ टिकतो म्हणून त्याची नोंदणी दहा-बारा दिवस आधी घेता येते. पेढे, बर्फी, कलाकंद यांचं तसं नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लिहिणं भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने बंधनकारक केलं आहे. कलाकंद त्याच दिवशी संपवायचा असतो, खव्याची बर्फी चार दिवस चांगली राहते आणि काजूकतली आठवडाभर टिकते, असा त्यामागचा साधारण अंदाज आहे. तेव्हा पेढ्यांच्या व्हिडिओत ‘आगाऊ नोंदवा’ याचा अर्थ वेगळा होतो: नाव आज नोंदवा, पेढा मात्र ज्या दिवशी नेणार त्या सकाळी तयार होईल. संहितेत हे असंच सांगावं. ‘लक्ष्मीपूजनाचे पेढे त्या दिवशी सकाळी होतील, दुपारी बारापासून न्या, चार दिवसांत संपवा.’ खाण्याची मुदत जाहिरातीत सांगायला दुकानदार कचरतात. पण सणासुदीला खव्याच्या भेसळीच्या बातम्या ऐकून धास्तावलेल्या गिऱ्हाइकाला हेच वाक्य सर्वांत जास्त धीर देतं.

गणपतीतल्या उकडीच्या मोदकांना पुन्हा वेगळी मोजणी लागते. ते नगावर विकले जातात, त्यामुळे दर अकरा किंवा एकवीस नगांचा सांगावा आणि एका मोदकाचं साधारण वजनही सांगावं. नाहीतर दोन दुकानांच्या दरांची तुलनाच होत नाही. नेण्याची वेळ तासाची हवी, दिवसाची नाही, कारण उकडीचा मोदक गरम असतानाच खायचा.

या दिवाळीला जे दुकानदार व्हिडिओ करणार आहेत त्यांनी कॅमेरा काढण्याआधी वही काढावी. सुटा दर, डब्याचा दर, निव्वळ वजन, दिवसाला किती होतं, शेवटची तारीख, नेण्याची तारीख आणि परतीची अट, एवढं एका पानावर लिहावं आणि त्यातलं प्रत्येक वाक्य काउंटरवरचा मुलगा खरं करून दाखवू शकेल का ते पाहावं. आणि ज्यांना असे व्हिडिओ येतात त्यांनी पुढे पाठवण्याआधी त्यात वजन, पूर्ण दर आणि तारीख आहे का, हे बघावं. दुकानाने जाहीर केलेल्या दरापेक्षा जास्त घेतलं किंवा डब्यासकट तोललं, तर तिथेच विचारावं. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.